पहिल्यांदाच मॅनेजर झालेल्या व्यक्तीचं अप्रेझल: काम कुणाच्या हातून झालं ते आधी पाहा

प्रश्न: माझ्या विभागातली एक सीनियर वर्षभरापूर्वी पहिल्यांदाच मॅनेजर झाली. टीम सहा जणांची आहे. वर्षाचे आकडे बरे आहेत, पण पहिल्या सहामाहीच्या मानाने दुसरी घसरलेली दिसते. तिने घेतलेल्या दोघांपैकी एक जण सोडून गेला. आता हायरिंग, डेलिगेशन, टीमचे निकाल आणि कोचिंग अशा चार मुद्द्यांवर तिचं अप्रेझल लिहायचं आहे. सुरुवात कुठून करू आणि रेटिंग कशावर ठरवू?

उत्तर:

निकालांचा रकाना सगळ्यात शेवटी भरा. सुरुवात डेलिगेशनपासून करा, कारण पहिल्या वर्षाच्या मॅनेजरच्या बाबतीत बाकीचे तिन्ही मुद्दे बहुतेक वेळा तिथूनच उलगडतात. टीमने किती काम केलं ते आकड्यांत दिसतं, पण ते कुणाच्या हातून झालं ते दिसत नाही. तुम्हाला जोखायचं आहे ते हे दुसरं.

मॅनेजरपदाची बढती बहुधा टीममधल्या सगळ्यात वाकबगार माणसाला मिळते. काम अडलं की त्याचा हात आपसूक पुढे जातो. काम वेळेत होतं, ग्राहक खूश, वरिष्ठही खूश. म्हणून पहिल्या सहामाहीचे उत्तम आकडे पाहून मी लगेच हुरळून जात नाही. कदाचित तो माणूस अजून आपलं जुनंच काम जास्त तास करतो आहे आणि मॅनेजरचं काम सुरूच झालेलं नाही. आणि नंतरची घसरण म्हणजे ते काम सुरू झाल्याची खूण असू शकते. ‘असू शकते’ म्हणतो, कारण दुर्लक्षातूनही अगदी अशीच घसरण येते. दोन्हींतला फरक कागदपत्रांवरून ओळखता येतो, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या फरकातच आहे.

मी एचआरमध्ये बरीच वर्षं विभागप्रमुखांबरोबर अशी अप्रेझल्स करत आलो आहे. तुमच्या प्रश्नाशी मिळतीजुळती एक केस तपशिलात सांगतो.

टीम होती ग्राहकाकडे सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्यांची. मॅनेजर नवी, हाताखाली सहा जण. वर्षात १३ प्रोजेक्ट झाले, त्यांतले १० वेळेत. वेळेत किमान १० हवेत असंच टार्गेट होतं, म्हणजे ते पूर्ण झालं. तिमाहीनुसार पाहिलं तर पहिल्या तिमाहीत तीनपैकी तीन वेळेत, दुसऱ्या तिमाहीत चारपैकी चार, तिसऱ्या तिमाहीत तीनपैकी एकच आणि चौथ्या तिमाहीत तीनपैकी दोन. विभागप्रमुखांनी मनातल्या मनात रेटिंग ठरवून ठेवलं होतं. पाचपैकी निकालांना २, कारण टार्गेट जेमतेम गाठलं आणि दुसरी सहामाही ढासळली. हायरिंगला २, कारण दोघांपैकी एक पाच महिन्यांत गेला. डेलिगेशनला ४, कारण आता ती सगळं टीमकडे सोपवते. कोचिंगला ४, कारण दर आठवड्याची प्रत्येकाबरोबरची बैठक तिने वर्षभरात क्वचितच चुकवली.

हे आकडे बाजूला ठेवून आम्ही आधी १३ प्रोजेक्टची यादी काढली आणि प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहिल्या: काम सुरू कुणी केलं, अडचणीच्या वेळी निर्णय कुणी घेतला आणि शेवट कुणी केला. याला फार वेळ लागत नाही. कामाच्या नोंदी ज्या सिस्टिममध्ये असतात तिथे कुठलं काम कधी कुणाच्या नावावर गेलं ते दिसतं, आणि ग्राहकाला गेलेल्या ईमेलवरून बोलणी कोण करत होतं तेही कळतं. यात मधला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. काम सोपवलं पण निर्णय स्वतःकडेच ठेवले, तर ते डेलिगेशन अर्धंच झालं. समोरच्याला हमाली मिळाली, जबाबदारी मिळाली नाही.

यादीतून दिसलं ते असं. १३ पैकी ९ प्रोजेक्ट शेवटच्या टप्प्यात मॅनेजरने स्वतःकडे ओढून घेतले होते. वार्षिक आकडा पाहिला तर डेलिगेशन नापास. पण हेही तिमाहीनुसार मांडलं तेव्हा चित्र पालटलं. पहिल्या तिमाहीत तीनपैकी तीन ओढून घेतलेले, दुसरीत चारपैकी चार, तिसरीत तीनपैकी एक, चौथीत तीनपैकी एक. म्हणजे ज्या सहामाहीत सगळं वेळेत झालं, त्या सहामाहीत प्रत्येक प्रोजेक्टचा शेवट तिने स्वतः केला होता. तिने हात काढायला सुरुवात केली आणि त्याच वेळी उशीर सुरू झाला. नुसत्या निकालांवर रेटिंग दिलं असतं, तर तिने जे बरोबर केलं त्याचीच शिक्षा तिला मिळाली असती, आणि पुढच्या वर्षी ती निमूटपणे पुन्हा सगळं स्वतः करू लागली असती.

मग आम्ही उशीर झालेले तीन प्रोजेक्ट एकेक करून उघडले. इथे घाई करू नका. उशीर सगळे सारखेच दिसतात, पण त्यांची कारणं वेगळी असतात.

पहिल्यात ग्राहकाने त्याचा जुना डेटा ठरल्या तारखेनंतर दिला. मॅनेजरने ते वेळच्या वेळी लेखी कळवलं होतं आणि नवी तारीख मागून घेतली होती. हा उशीर तिच्या खात्यात येत नाही.

दुसरा प्रोजेक्ट तिने एका अनुभवी सहकाऱ्याकडे ‘आता हा पूर्ण तूच बघ’ एवढं सांगून दिला. मध्ये थांबून पाहण्याचे टप्पे ठरवले नाहीत, कुठला निर्णय तो स्वतः घेऊ शकतो आणि कुठला विचारून घ्यायचा तेही सांगितलं नाही. काम अडकलं आहे हे तिला मुदतीच्या आदल्या संध्याकाळी कळलं. याला डेलिगेशन म्हणता येणार नाही, हे काम टाकून देणं झालं. सहा महिने सगळं स्वतः केल्यावर ‘तू हात सोडत नाहीस’ असं कुणीतरी सुनावतं, आणि मग नवा मॅनेजर एकदम दुसऱ्या टोकाला जातो. पहिल्या वर्षात हे इतक्या वेळा दिसतं की तुमच्याकडेही मुद्दाम शोधा.

तिसरा प्रोजेक्ट चौथ्या तिमाहीतला. तो नऊ दिवस उशिरा पूर्ण झाला. हे काम तिने अशा एकाला दिलं होतं ज्याने आधी कधीच पूर्ण प्रोजेक्ट सांभाळला नव्हता. पण इथे नोंदी वेगळं सांगत होत्या. सुरुवातीलाच तीन टप्पे ठरले होते आणि प्रत्येक टप्प्यावर काय दाखवायचं ते लिहिलेलं होतं. दुसऱ्या टप्प्यावर तिला उशिराचा अंदाज आला. तिने मुदतीच्या तीन आठवडे आधी विभागप्रमुखांना आणि ग्राहकाला कळवलं. काम ओढून घेतलं नाही. त्या माणसाबरोबर बसून उरलेल्या कामाचा क्रम नव्याने लावला, आणि ग्राहकाशी बोलणी त्यालाच करू दिली. या नऊ दिवसांच्या मोबदल्यात टीमला प्रोजेक्ट सांभाळू शकणारा आणखी एक माणूस मिळाला.

तर फरक ओळखायचा तो असा. घसरण होणार हे मॅनेजरला आधी ठाऊक होतं का? तिने ते वर कळवलं होतं का? आणि तीच चूक पुढच्या कामात पुन्हा झाली का? पहिल्या दोन्हींचं उत्तर ‘हो’ आणि तिसऱ्याचं ‘नाही’ असेल, तर ती टीम घडवण्याची किंमत आहे. उलटं असेल तर दुर्लक्ष आहे, आणि तसंच स्पष्ट लिहा.

डेलिगेशनमध्ये आणखी एक गोष्ट तपासायची राहते: काम कुणाकुणाला मिळालं. या केसमध्ये सोपवलेल्या मोठ्या कामांपैकी बरीचशी एकाच हुशार सहकाऱ्याकडे गेली होती, आणि त्याने वर्षअखेरीस बदली मागितली होती. विभागप्रमुखांना त्याचं आश्चर्य वाटत होतं. नव्या मॅनेजरला काम सोडायचं असतं पण धास्ती असते, म्हणून ती जिथे धोका कमी तिथेच सोडते. मग एकजण वाकतो आणि बाकीचे रिकामे राहतात. सहा नावं लिहून प्रत्येकासमोर ‘या वर्षी त्याने पहिल्यांदा केलेलं मोठं काम’ लिहून बघा. कुठल्या नावापुढे जागा कोरी राहते ते पाहा. तिच्या रजेचे दिवसही पाहा. ती आठवडाभर नव्हती तेव्हा किती मंजुऱ्या तिच्यासाठी थांबल्या, आणि रजेवर असताना तिने किती ईमेलना उत्तरं दिली, यातून बरंच कळतं.

आता हायरिंग. एका वर्षात घेतलेल्या दोन माणसांवरून कुणाला माणसं पारखता येतात की नाही हे ठरवता येत नाही. दोघांत एक गेला म्हणजे पन्नास टक्के अपयश, हा हिशेब दिसायला बिनचूक असला तरी त्याला अर्थ नाही. इतक्या लहान आकड्यांत नशिबाचा वाटा मोठा असतो. शिवाय निवड खरंच तिची होती का, तेही बघायला हवं. पगाराची मर्यादा, उमेदवारांची यादी, शेवटची सही यांतलं काय तिच्या हातात होतं? पुष्कळदा नव्या मॅनेजरच्या नावावर लागलेली निवड वरिष्ठांनीच केलेली असते.

म्हणून पहिल्या वर्षी निकालापेक्षा पद्धत तपासा. मुलाखतीआधी या जागेसाठी काय हवं ते लिहून काढलं होतं का? सगळ्या उमेदवारांना तेच मुख्य प्रश्न विचारले का? मुलाखत घेणाऱ्यांनी आपापसांत बोलण्याआधी आपली मतं वेगवेगळी लिहिली का? ठरावीक प्रश्न आणि ठरावीक निकष असलेली मुलाखत ही गप्पावजा मुलाखतीपेक्षा पुढच्या कामाचा अंदाज अधिक चांगला देते, हे या विषयावरच्या अनेक दशकांच्या संशोधनातून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. तेव्हा ही पद्धत पाळली की नाही हा रास्त निकष आहे, आणि कागद पाहून तो तपासता येतो.

आमच्या केसमध्ये दोन्ही निवडींच्या फायली मागवल्या तेव्हा उलटंच निघालं. जो टिकला आणि उत्तम काम करत होता, त्याच्या निवडीच्या नोंदीत एकच ओळ होती: ‘चांगला वाटला, टीममध्ये रुळेल.’ आणि जो सोडून गेला त्याची निवड अगदी नीट झाली होती. निकष लिहिलेले, नमुन्यादाखल काम करून घेतलेलं, तिघांची मतं वेगवेगळी नोंदवलेली. मग तो का गेला? सोडून जाताना त्याने ‘दुसरीकडे चांगली संधी’ असं कारण दिलं होतं. हे कारण जवळजवळ प्रत्येकजण देतो, त्यावर थांबू नका. त्याच्या पाच महिन्यांच्या कामाच्या नोंदी काढल्या. मुलाखतीत त्याला सांगितलं होतं की दुसऱ्या महिन्यापासून ग्राहकांशी थेट काम करशील. प्रत्यक्षात पाचही महिने तो डेटा तपासत बसला होता, कारण तेव्हा ग्राहकांची सगळी बोलणी मॅनेजर स्वतःच करत होती. तो रुजू झाला होता पहिल्या सहामाहीत.

म्हणजे हायरिंगच्या रकान्यात दिसणारं ते अपयश डेलिगेशनमधून आलं होतं. तिला ‘माणसं निवडताना अधिक काळजी घे’ असं लिहून दिलं असतं, तर तिने जिथे काळजी घेतली होती तिथेच बदल केला असता, आणि खरी अडचण तशीच राहिली असती. म्हणून अप्रेझलमध्ये हायरिंग म्हणजे ऑफर लेटरपर्यंतचा काळ एवढंच धरू नका. पहिले तीन महिने त्यात धरा. मुलाखतीत सांगितलेलं काम आणि हातात पडलेलं काम यांत किती अंतर होतं, ते नेमकं लिहा.

कोचिंग हा मुद्दा सगळ्यात फसवा आहे, कारण इथे मोजायला सोपं जे असतं ते बहुधा निरुपयोगी असतं. बैठका किती झाल्या हा आकडा हाताशी असतो. त्या बैठकांतून कोण काय शिकलं याचा आकडा कुठेच नसतो. टीमला ती आवडते का, हाही प्रश्न पुरेसा नाही. कधीही अवघड बोलणं न करणारा मॅनेजर लोकांना आवडतोच.

मी दोन ठिकाणी बघतो. पहिलं, तिने इतरांच्या कामावर दिलेले शेरे. ग्राहकाला जाणाऱ्या एखाद्या अहवालाचा मसुदा घ्या आणि त्यातल्या दुरुस्त्यांचा इतिहास उघडा. या मॅनेजरने पहिल्या सहामाहीत सहकाऱ्यांचे मसुदे जवळपास नव्याने लिहून काढले होते. परिच्छेदच्या परिच्छेद बदललेले, बाजूला शेरा एकही नाही. वर्षअखेरच्या मसुद्यात तिने मजकुराला हात लावला नव्हता. शेरे होते: ‘ग्राहकाचा पहिला प्रश्न काय असेल? त्याचं उत्तर यात कितव्या पानावर आहे?’ आणि खाली त्या सहकाऱ्याने स्वतः केलेला बदल. त्यानंतरच्या अहवालात त्याने ते उत्तर पहिल्याच पानावर घेतलं होतं, कुणी न सांगता. कोचिंगचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. मात्र काम तातडीचं असेल तर सरळ ‘असं कर’ सांगणंच योग्य. प्रत्येक ठिकाणी प्रश्न विचारत बसणं म्हणजे कोचिंग नव्हे.

दुसरं ठिकाण म्हणजे तिची माणसं. सगळ्यांशी बोला, ते जमणार नसेल तर सगळ्यात हुशार, सगळ्यात मागे पडलेला आणि सगळ्यात नवा, असे तिघे तरी निवडा. ‘मॅनेजर कशी आहे?’ असं विचारू नका, उत्तर ‘छान आहे’ असंच येणार. असं विचारा: ‘सहा महिन्यांपूर्वी जमत नव्हतं आणि आता जमतं, असं काय आहे? ते कसं जमायला लागलं?’ आणि मग: ‘तुमच्या कामात काय सुधारायला हवं असं त्यांना वाटतं?’ या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माणसाला नेमकं देता आलं, तर मॅनेजर त्याच्याशी खरं बोलते. सहा जणांच्या टीममध्ये निनावी सर्वेक्षण निनावी राहत नाही. वाक्याच्या धाटणीवरून माणूस ओळखू येतो. तेव्हा कुणाचे शब्द अप्रेझलमध्ये जसेच्या तसे टाकू नका. त्या उत्तरांचा आधार घेऊन नोंदी कुठे पाहायच्या ते ठरवा, आणि लिहायचं ते नोंदींवरून.

हुशार सहकाऱ्याने पहिल्या प्रश्नाला दोन ठळक उदाहरणं दिली. मागे पडलेल्याला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. ‘काही विशेष नाही, चाललंय नीट,’ असं तो म्हणाला, आणि तो ते मनापासून म्हणत होता. मॅनेजरच्या स्वतःच्या टिपणांत मात्र त्याच्याबद्दल दुसऱ्या तिमाहीपासून नोंदी होत्या: कामात तपशील सुटतात, त्याच त्या चुका होतात. तिला दिसलं होतं, पण तिने सात महिने त्याला सांगितलं नव्हतं. त्याच्या वाट्याची कामं हळूच दुसऱ्याकडे वळवली होती. त्याचं नुकसान झालंच, आणि ती कामं ज्याच्याकडे वळली तो होता बदली मागणारा सहकारी. नव्या मॅनेजरला सगळ्यात जड जातं ते हेच, कारण कालपर्यंत बरोबरीने बसणाऱ्या माणसाला आज ‘तुझं काम कमी पडतंय’ असं सांगायचं असतं. मॅनेजरला उणीव दिसली तो दिवस आणि तिने ती त्या माणसाला सांगितली तो दिवस यांतलं अंतर शोधा. काही दिवस ते दोन आठवडे असेल तर ठीक. महिने असतील तर तो कोचिंगमधला गंभीर दोष आहे, बाकीच्यांना ती कितीही छान शिकवत असली तरी.

आता निकालांचा रकाना भरता येतो. वारशाने काय मिळालं, तिच्या हाताबाहेरचं काय होतं आणि टीमच्या हातून काय झालं, असे तीन भाग करा. वारसा म्हणजे आधीच्या मॅनेजरने ठरवून ठेवलेल्या तारखा, अर्धवट प्रोजेक्ट आणि आधीच गेलेली माणसं. पहिल्या तिमाहीचं यश किंवा अपयश बरंचसं तिथलं असतं. या मॅनेजरच्या बाबतीत मला महत्त्वाचा वाटला तो चौथ्या तिमाहीचा आकडा. तीनपैकी दोन वेळेत, एक नऊ दिवस उशिरा, आणि तिने ओढून घेतलेला फक्त एक. पहिल्या तिमाहीच्या तीनपैकी तीनपेक्षा हे काम मी वरचं मानतो, कारण हा निकाल ती नसतानाही पुन्हा येऊ शकतो.

शेवटी रेटिंग ठरलं ते असं: निकाल ३, हायरिंग ३, डेलिगेशन ४, कोचिंग २. टाकून दिलेला प्रोजेक्ट असूनही डेलिगेशन ४, कारण तीच चूक पुढच्या तिमाहीत तिने कुणी न सांगता सुधारली होती. कोचिंगच्या २ वर विभागप्रमुखांशी माझी बरीच चर्चा झाली. ते ३ म्हणत होते, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. बेरीज १२ आली, म्हणजे त्यांच्या मनात आधी होती तेवढीच. पण पुढच्या वर्षी तिने कशावर काम करायचं ते पूर्ण बदललं. म्हणून चार आकड्यांची सरासरी काढून तिला ‘एकूण ३’ एवढंच सांगू नका.

हे लिहिताना एक सापळा टाळा. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये दाखवून दिलं की लष्करी अधिकारी हाताखालच्या माणसांची बुद्धिमत्ता, नेतृत्व, शरीरयष्टी असे एकमेकांशी फारसा संबंध नसलेले गुण जोखतानाही सगळीकडे जवळपास सारखेच गुण देत होते. एकूण मत चांगलं असेल तर सगळंच चांगलं. तुमच्याही चार रकान्यांत सारखेच आकडे पडले, तर थांबा आणि प्रत्येकाचा पुरावा वेगळा आहे का ते तपासा. सोपा उपाय म्हणजे आधी चारही मुद्द्यांचा मजकूर लिहायचा, आकडे दुसऱ्या दिवशी टाकायचे.

मजकूर कसा असावा? ‘डेलिगेशन सुधारण्यास वाव आहे’ या वाक्यातून तिला काहीच कळत नाही. त्या अप्रेझलमधला डेलिगेशनचा परिच्छेद साधारण असा होता:

‘पहिल्या सहामाहीतल्या सातही प्रोजेक्टचा शेवट तुम्ही स्वतः केलात. दुसऱ्या सहामाहीत सहापैकी चार टीमने पूर्ण केले. तिसऱ्या तिमाहीतल्या एका प्रोजेक्टमध्ये काम सोपवताना टप्पे ठरले नव्हते, त्यामुळे अडचण आदल्या दिवशी कळली. चौथ्या तिमाहीत तुम्ही टप्पे ठरवले, तीन आठवडे आधी कल्पना दिलीत आणि काम परत घेतलं नाही. तो नऊ दिवसांचा उशीर मी तुमच्याविरुद्ध धरत नाही. सोपवलेली मोठी कामं मात्र मुख्यतः एकाच व्यक्तीकडे गेली आहेत.’

प्रत्येक वाक्यामागे दाखवता येईल अशी नोंद आहे. तिला वाद घालायचा असेल तर ती त्या नोंदीवर घालू शकते, तुमच्या मतावर घालायची वेळ येत नाही.

हे सगळं करण्याआधी एक कागद स्वतःसाठी काढा: वर्षाच्या सुरुवातीला तुम्ही तिला दिलेली उद्दिष्टं. त्यांत तिच्या स्वतःच्या कामाचं टार्गेट मॅनेजर झाल्यावरही तसंच राहिलं होतं का? एखादा ग्राहक चिडला की तुम्ही थेट तिला फोन करून ‘तूच बघ’ म्हणत होता का? तसं असेल तर तिने काम सोडलं नाही यात तुमच्या आदेशाचाही वाटा आहे, आणि तो अप्रेझलमध्ये लिहायला हवा. आमच्या केसमध्ये विभागप्रमुखांनी तो लिहिला, आणि पुढच्या वर्षासाठी तिच्या वैयक्तिक प्रोजेक्टचं टार्गेट काढून टाकलं.

बोलताना रेटिंग आधी सांगून टाका, नाहीतर पूर्ण वेळ तिचं लक्ष त्या आकड्याकडेच राहील. मग उशीर झालेल्या प्रोजेक्टपैकी एक निवडून तिलाच सांगू द्या की काय झालं. तिने स्वतःहून फरक ओळखला तर पुढचं बोलणं फार सोपं होतं. पुढच्या वर्षासाठी त्या मॅनेजरला दोनच गोष्टी दिल्या होत्या. पहिल्या तिमाहीत सहापैकी किमान तिघांकडे, टप्पे ठरवून, त्यांनी आधी न केलेलं एकेक मोठं काम द्यायचं. आणि मागे पडलेल्या सहकाऱ्याशी पुढच्या दहा दिवसांत स्पष्ट बोलायचं. काय बोलायचं त्याची तयारी विभागप्रमुखांनी तिच्याबरोबर बसून करून घ्यायची. तुमच्या मॅनेजरच्या यादीत यापेक्षा वेगळं निघेल, पण दोनपेक्षा जास्त देऊ नका, आणि आढावा वर्षअखेरीवर न ढकलता तिसऱ्या महिन्यात घ्या.